अरबी अनुवादाआधी कात्रणातल्या कॉलमांचा वाचनक्रम कसा लावायचा

आखातात कामाला असलेल्या माणसासाठी गावाकडून वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं जातं. अपघाताची बातमी असते, वारसाची जाहीर नोटीस असते, कधी जमिनीच्या वादाची बातमी असते. मोबाइलवर फोटो काढतात, तो तिकडे जातो आणि तिथल्या कार्यालयाला द्यायला त्याचा अरबी अनुवाद करून घेतात. गेली काही वर्षं अशी कात्रणं तपासायला माझ्याकडे येतात. शब्दांच्या चुका त्यांत थोड्या असतात. वारंवार चुकतो तो क्रम: कुठला कॉलम कुठल्यानंतर वाचायचा, हे अनुवाद सुरू करण्याआधी कुणी ठरवलेलंच नसतं.

हे काम मराठी वाचणाऱ्यानेच करायला हवं, त्याला कारण आहे. मराठीतून थेट अरबीत करणारे अनुवादक थोडे आहेत, त्यामुळे मधे बहुतेक वेळा इंग्रजीची पायरी येते. दोन कॉलम एकमेकांना जोडलेले आहेत की नाहीत याचा पुरावा मात्र मराठीच्या व्याकरणात असतो. ‘डंपरची’ आहे की ‘डंपरच्या’, शब्द सामान्यरूपात आहे की नाही, क्रियापद स्त्रीलिंगी आहे की पुल्लिंगी, यांवर तो उभा असतो. इंग्रजी होताच हा पुरावा पुसला जातो. अरबीतही वाक्याची रचना उलटते, आणि ‘व’ व ‘फ’ या जोडशब्दांनी वाक्यं इतकी सहज एकामागे एक लागतात की चुकीचा सांधा नजरेला येत नाही. अरबी वाचणाऱ्या अधिकाऱ्याला तो कधीच कळणार नाही.

पुढे सगळीकडे मी एकच कात्रण उदाहरणाला घेतलं आहे. कोकणातल्या एका पुलावर रिक्षा आणि डंपरचा अपघात झाला, त्याची ही चार कॉलमी बातमी. मांडणी जशी होती तशीच ठेवली आहे. वाक्यं मी बदलली आहेत, म्हणजे कुणाची ओळख उघड होणार नाही.

## पायरी १ : फोटो आधी, वाचन नंतर

कात्रण हातात असेल तर फोटो पुन्हा काढा. आलेल्या फोटोवर समाधान मानू नका. वर्तमानपत्राचा कागद पातळ असतो, मागच्या पानाची अक्षरं पुढे उमटतात आणि फोटोत ती खऱ्या अक्षरांत मिसळतात. कात्रणाखाली काळा कागद ठेवला की मागची छपाई बरीच दबते. घड्या हाताने सपाट करा. त्यावर काच ठेवली तर दिवा वरून नको, दोन्ही बाजूंनी तिरका हवा, नाहीतर काचेतली चमक नेमकी कॉलमाच्या मधोमध येते.

आधी संपूर्ण कात्रणाचा एक फोटो काढा, चारही कडा दिसतील आणि बाहेर बोटभर मोकळी जागा राहील असा. मग प्रत्येक भागाचे जवळून फोटो काढा, शेजारच्या भागाच्या दोनतीन ओळी दोन्हीत येतील अशा बेताने. पहिल्या फोटोवर क्रम ठरतो, दुसऱ्यांवर अक्षरं वाचली जातात. फक्त जवळचे फोटो असतील तर क्रम ठरवताच येत नाही, कारण मथळा कुठून कुठपर्यंत पसरला आहे हे त्यांत दिसत नाही.

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो, आणि अनुस्वार व काना सगळ्यात आधी जातात. अनुस्वार गेला की ‘पोलिसांनी’चं ‘पोलिसानी’ होतं. तिथे एक पोलीस की अनेक, हा प्रश्न अरबीत लगेच उभा राहतो, कारण अरबीत एकवचन आणि अनेकवचनाच्या मधे द्विवचनही आहे.

तपासा : एका कॉलमाची रुंदी साधारण ४ सेंटिमीटर धरली तर ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ती सुमारे ४७० पिक्सेल भरते. फोटोत एक कॉलम त्याच्या निम्म्याहून अरुंद भरत असेल तर फोटो परत मागवा.

## पायरी २ : हा कागद मुळात कसा होता, ते ओळखा

या पायरीला माझा सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा. कात्रण म्हणून जे येतं ते पुष्कळदा वर्तमानपत्राचं पान नसतं, घरी कुणीतरी चिकटवलेला ए-फोर कागद असतो. बातमी लांब होती, कागदावर मावली नाही, म्हणून खालचा भाग कापून जिथे जागा होती तिथे लावला. पान ५ वरचा उरलेला मजकूर सापडला, तो डाव्या समासात चिकटवला. कापणाऱ्याला बातमी पाठ असते, त्याला क्रम लागतो. दुसऱ्या कुणाला तो लागत नाही.

आमच्या उदाहरणात हेच झालं होतं. डावीकडे एक अरुंद पट्टी होती, तिच्या उजवीकडे चार कॉलम. फोटोत सरळ पाच कॉलम दिसत होते. माझ्याकडे तपासायला आलेल्या पहिल्या अनुवादाची सुरुवात त्या पट्टीपासून झाली होती, म्हणजे बातमीचा शेवट आधी आला होता.

चिकटवलेला तुकडा कसा ओळखायचा? त्याच्या कडेला बारीक सावली असते. त्याच्या ओळी शेजारच्या ओळींपेक्षा किंचित तिरक्या असतात. छापील पानावर दोन कॉलमांमधली पांढरी पट्टी, म्हणजे गटर, सगळीकडे सारख्या रुंदीची असते. चिकटवलेल्या तुकड्याशेजारी ती वर रुंद आणि खाली अरुंद होत जाते. कागदाचा पिवळेपणाही वेगळा असू शकतो. सगळ्यात भरवशाची खूण मथळ्याची: मुख्य मथळ्याचं छप्पर त्या तुकड्यावर येतं का? आमच्या पट्टीवर ते नव्हतं. तिच्या डोक्यावर अगदी बारीक टाइपात ‘पान १ वरून’ असं छापलेलं होतं, पण मागच्या छपाईच्या डागांत ते हरवलं होतं.

कात्रण ज्यांच्याकडून आलं त्यांना एक फोन करा आणि नेमकं विचारा, “हे कापून चिकटवलंय का, किती तुकडे होते?” ‘क्रम काय आहे?’ असं विचारू नका. ते आठवणीतून सांगतात आणि आठवणीत बातमी घटनेच्या क्रमाने बसलेली असते.

सावध : जाहीर नोटिशीच्या कात्रणात शेजारच्या नोटिशीची एखादी अर्धी पट्टी हमखास आलेली असते. नोटिशीला चारही बाजूंनी रेघ असते, ती नोटीस त्या चौकटीत सुरू होऊन तिथेच संपते. रेघेबाहेरचं सगळं फोटोच्या प्रतीवर आडव्या रेघा मारून बाद करा. शेजारच्या नोटिशीतला सर्व्हे नंबर चुकून आत आला तर ती नोटीस वेगळ्याच जमिनीची होते.

## पायरी ३ : तुकडे पाडा आणि नावं द्या

संपूर्ण फोटोची प्रत छापा, नाहीतर मोबाइलवरच रेघा मारता येतील अशा ठिकाणी उघडा. अजून काही वाचायचं नाही. फक्त आकार बघायचे.

आधी मथळा. मथळ्याची रुंदी म्हणजे बातमीचं छप्पर, आणि त्या छपराखाली येणारे कॉलमच त्या बातमीचे. मग चौकटी, फोटो, फोटोखालची ओळ, मोठ्या टाइपातलं अवतरण, तक्ता हे सगळे वेगळे करा. उरतात ते मजकुराचे उभे तुकडे. एखाद्या फोटोने कॉलम मधेच कापला असेल तर वरचा भाग वेगळा तुकडा आणि खालचा भाग वेगळा तुकडा. ते एकच आहेत असं आताच गृहीत धरायचं नाही.

आमच्या कात्रणात चारही कॉलमांवर एक मथळा होता. पहिला कॉलम वरपासून खालपर्यंत मजकुराचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या कॉलमांवर मिळून एक रुंद फोटो, त्याखाली फोटोओळ, तिच्याखाली दोन्ही कॉलमांत मजकूर. चौथ्या कॉलमात वर मजकूर आणि तळाला जखमींची नावं असलेली चौकट. आणि डावीकडे ती चिकटवलेली पट्टी. मी नावं दिली: क१, क२, क३, क४, फोटोओळ, चौकट आणि पट्टी.

‘पहिला’, ‘दुसरा’ असे क्रमांक सुरुवातीलाच देऊ नका असं मी सांगतो, आणि तरी इथे क१ ते क४ लिहिले आहेत. हे आकडे जागेचे आहेत, वाचण्याचे नाहीत. डावीकडून कितवा कॉलम, एवढंच ते सांगतात. वाचनक्रम नंतर वेगळ्या रंगाने लिहायचा. दोन्हींची गल्लत नको असेल तर तुकड्यांना अक्षरं द्या.

सावध : कात्रण उर्दू वर्तमानपत्राचं असेल, मुंबईच्या ‘इन्किलाब’सारख्या दैनिकाचं, तर कॉलम उजवीकडून डावीकडे चालतात. डावीकडून वाचायच्या सवयीने मराठी माणूस इथे पहिल्याच पावलाला चुकतो.

## पायरी ४ : मांडणीवरून अंदाज बांधा, पण तो पेन्सिलीने

मजकूर आडवा तुटला की प्रश्न पडतो: त्याच कॉलमात खाली जायचं की शेजारच्या कॉलमाच्या डोक्यावर जायचं? एक साधा नियम बहुतेक वेळा उपयोगी पडतो. आडवी येणारी गोष्ट काही कॉलमांनाच अडवत असेल तर ती अडथळा आहे. तिच्यावरून उडी मारून त्याच कॉलमात खाली वाचत राहायचं. ती सगळ्या कॉलमांवरून आरपार जात असेल तर ती भिंत आहे. भिंतीच्या वरचे सगळे कॉलम आधी संपवायचे आणि मग खाली उतरायचं. दुय्यम मथळा किंवा पूर्ण रुंदीची रेघ अशी भिंत असते, आणि भिंतीखाली बऱ्याचदा दुसरीच बातमी असते.

सुरुवात शोधायला गावाचं नाव आणि ‘प्रतिनिधी’ किंवा ‘ता.’ असं लिहिलेली ओळ बघा. ती ज्या कॉलमात आहे तो पहिला. पहिला परिच्छेद काही वेळा जाड टाइपात किंवा दोन कॉलमांच्या रुंदीत असतो. शेवट शोधायला ‘पान ५ वर’ बघा. हे शब्द ज्या कॉलमाच्या तळाशी आहेत तो त्या पानावरचा शेवटचा.

आमच्या कात्रणात ‘प्रतिनिधी’ क१ मध्ये होतं, ‘पान ५ वर’ क४ मध्ये, चौकटीच्या अगदी वर. म्हणजे अंदाज सरळ होता: क१, क२, क३, क४, पट्टी. पण पहिल्या अनुवादकाने फोटोला अडथळा न मानता भिंत मानलं होतं. त्याच्या मते मथळ्याला लागून असलेले कॉलम दोनच, क१ आणि क४. ते आधी संपवायचे आणि मग फोटोखालचे क२ आणि क३. या समजुतीत काही मूर्खपणा नाही. फोटो रुंद असला की डोळा खरोखरच तसा फिरतो. म्हणून अंदाजावर थांबायचं नाही.

## पायरी ५ : सांधे जुळवा

आता वाचायचं, पण फक्त कडा. प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या ओळीला मी तोंड म्हणतो आणि शेवटच्या ओळीला शेपूट. कागदावर दोन रकाने पाडा, डावीकडे सगळी शेपटं, उजवीकडे सगळी तोंडं लिहा. आमच्या कात्रणात ती अशी होती.

शेपटं:
- क१ : ‘… समोरून येणाऱ्या वाळूने भरलेल्या डंपरच्या’
- क२ : ‘… ग्रामस्थांनी जखमींना तातडीने ग्रामीण’
- क३ : ‘… घटनेनंतर पळालेल्या’
- क४ : ‘… गावचे सरपंच याबाबत’ (पान ५ वर)

तोंडं:
- क२ : ‘धडकेने रिक्षा कठड्यावर आदळली …’
- क३ : ‘रुग्णालयात हलवले …’
- क४ : ‘चालकाला पोलिसांनी रात्रीच ताब्यात घेतले …’
- पट्टी : ‘म्हणाले, की पुलावर दिवे नाहीत …’

आता प्रत्येक शेपटाला प्रत्येक तोंड लावून बघायचं. आधी पटतंय तेवढंच लावून थांबू नका, कारण फसवा सांधाही पटतोच. क१ चं शेपूट घ्या. ‘डंपरच्या धडकेने’ बरोबर बसतं. पण ‘डंपरच्या चालकाला’ हेही व्याकरणाने तितकंच बरोबर आहे, आणि पहिल्या अनुवादात नेमकं तेच जोडलं गेलं होतं: डंपरच्या चालकाला पोलिसांनी रात्रीच ताब्यात घेतले. वाक्य गुळगुळीत आहे. ऐकणाऱ्याला शंका यायचं कारण नाही.

फसगत ‘च्या’मुळे झाली. शेपटाला ‘डंपरची’ असतं तर पुढे स्त्रीलिंगी एकवचनी किंवा नपुंसकलिंगी अनेकवचनी शब्दच चालला असता, ‘डंपरचा’ असतं तर पुल्लिंगी एकवचनी. ‘च्या’ मात्र सामान्यरूपात तिन्ही लिंगांना चालतो. तो पुढच्या शब्दाविषयी फार थोडं सांगतो. म्हणून सांध्याचा पुरावा किती भक्कम आहे हे मी शेपटाच्या शेवटच्या शब्दावरून ठरवतो. शब्दच मधे तुटून अर्धा पुढच्या कॉलमात गेला असेल, ‘महानगर-’ आणि ‘पालिकेने’ असा, तर तो पुरावा जवळजवळ निर्णायक. ‘ग्रामीण’ आणि ‘रुग्णालयात’ अशी ठरलेली जोडी असेल तर तोही चांगला. ‘मोठी’, ‘नवा’, ‘जुने’ अशी लिंग-वचन सांगणारी विशेषणं बरी. ‘च्या’, ‘या’, ‘त्या’ यांच्यावर एकट्याने विसंबू नका.

मग आमचा सांधा कसा सुटला? उरलेल्यांवरून. क४ चं तोंड ‘चालकाला’ क१ ला दिलं, तर क३ चं शेपूट ‘घटनेनंतर पळालेल्या’ कुणाला द्यायचं? ‘पळालेल्या धडकेने’ होत नाही. ‘पळालेल्या रुग्णालयात’ होत नाही. ‘पळालेल्या म्हणाले’ तर वाक्यच नाही. आणि क२ चं तोंड ‘धडकेने’ कुठल्याच दुसऱ्या शेपटाला लागत नाही, ‘याबाबत धडकेने’ हेही नाही. म्हणजे ‘धडकेने’ क१ लाच जायला हवं आणि ‘चालकाला’ क३ ला. क२ ला ‘रुग्णालयात’, क४ ला ‘म्हणाले’. चार शेपटं, चार तोंडं, एकही उरत नाही. एकेक सांधा पटतो म्हणून नव्हे, सगळे एकदम बसतात म्हणून क्रम पक्का मानायचा.

त्या एका फसव्या सांध्याने काय गेलं ते बघा. ‘घटनेनंतर पळालेल्या’ हे दोन शब्द अनुवादातून गळून पडले होते. अनुवादकाला ते कुठे बसवायचे कळलं नाही, अर्धवट छपाई समजून त्याने सोडून दिले. चालक पळून गेला होता की जागेवर थांबला होता, भरपाईच्या कागदात याला किती वजन असतं हे सांगायला नको.

हे दोन शब्द अरबीत नेताना अडचण आणखी वाढते. मराठीत ‘पळालेला चालक’ म्हणताना विशेषण आधी येतं. अरबीत ‘चालक’ आधी आणि ‘जो पळून गेला’ हे त्याच्यामागून येतं. मराठीत वाक्याच्या टोकाला असणारं क्रियापद अरबी बातमीत बहुधा सुरुवातीलाच येतं. म्हणून कॉलमाच्या तळाशी वाक्य अर्धं ठेवून तेवढ्याचा अनुवाद करणं, आणि उरलेलं पुढच्या कॉलमात बघू म्हणणं, हे अरबीपुरतं तरी कधीच जमत नाही. वाक्य आधी पूर्ण जोडलेलं हवं.

परिच्छेद नेमका कॉलमाच्या तळाशी संपला असेल तर? शेपटाची ओळ उजव्या कडेपर्यंत न पोहोचता मधेच थांबली असेल तर परिच्छेद तिथे संपला. मग व्याकरण काहीच सांगत नाही. अशा वेळी नावं बघा. माणसाचं पूर्ण नाव आणि पद जिथे येतं तो तुकडा आधीचा, नुसतं आडनाव येतं तो नंतरचा. ‘तेथे’, ‘या प्रकरणी’, ‘संबंधित अधिकाऱ्याने’ असे शब्द तोंडाशी असतील तर ज्याविषयी ते बोलतात ते आधीच्या तुकड्यात सापडायला हवं.

सावध : घटनेच्या क्रमाने तुकडे लावू नका. बातमी परिणामापासून सुरू होते, किती मेले, किती जखमी, आणि रिक्षा कुठून निघाली होती हे तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात येतं. ‘सकाळी’ हा शब्द असलेला तुकडा ‘रात्री’च्या आधीचा असायलाच हवा असं नाही.

## पायरी ६ : चौकट, फोटोओळ आणि अवतरण यांची जागा ठरवा

हे तुकडे प्रवाहात घ्यायचे नाहीत. फोटोओळ क२ आणि क३ च्या सुरुवातीला चिकटून दिसते म्हणून ती मजकुरात ओढली जाते. आमच्या पहिल्या अनुवादात ‘अपघातग्रस्त रिक्षा पाहण्यासाठी जमलेले ग्रामस्थ’ हे शब्द मधल्याच एका वाक्याचे कर्ते होऊन बसले होते. मी मथळा, मग पूर्ण बातमी, मग फोटोओळ, मग चौकट असा क्रम ठेवतो आणि प्रत्येकाच्या आधी ते काय आहे ते लिहितो. मोठ्या टाइपातलं अवतरण बातमीतल्याच वाक्याची पुनरावृत्ती असेल तर ते एकदाच घ्यायचं आणि तसं नमूद करायचं.

चौकटीतल्या नावांच्या यादीत आणखी एक सापळा असतो. दोन उभ्या रांगांत नावं आणि वयं असतील तर ती आडवी वाचायची, उभी नाही. नाव आणि त्यापुढचं वय ही एक ओळ. ओळी थोड्या सरकलेल्या असतील तर फोटोवर फूटपट्टी ठेवून बघा. एका माणसाचं वय दुसऱ्याला लागलं की पासपोर्टवरच्या जन्मतारखेशी ते जुळत नाही आणि सगळा अनुवादच संशयास्पद ठरतो.

## पायरी ७ : जोडलेला मराठी मजकूर तयार करा

आता टाइप करा, किंवा ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारा प्रोग्रॅम, वापरा. ओसीआर वापरायचं तर अख्ख्या फोटोवर चालवू नका. एकाच ठोकळ्याचा मजकूर समजून वाचायला सांगितलं तर ते चारही कॉलमांची पहिली ओळ आडवी वाचतं, मग चारही कॉलमांची दुसरी. प्रत्येक तुकडा कापून वेगळी फाइल करा आणि ती एकटी वाचून घ्या. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅममध्ये मराठीसाठी असं:

```
tesseract k2.png k2 -l mar --psm 6
```

`6` म्हणजे हा मजकुराचा एकच सलग ठोकळा आहे असं समजून वाच. एका कॉलमाच्या तुकड्याला ते योग्य आहे, पूर्ण कात्रणाला नाही. निकाल `k2.txt` मध्ये येतो. त्याची पहिली आणि शेवटची ओळ फोटोशी डोळ्यांनी पडताळा. कापताना अर्धी राहिलेली ओळ ओसीआर गाळून टाकू शकतं, आणि सांधा नेमका त्याच ओळीत असतो.

तुकडे ठरलेल्या क्रमाने एकत्र जोडा. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द परत जोडा, पण हायफन खरोखर शब्दातलाच असेल, ‘रत्नागिरी-कोल्हापूर’सारखा, तर तो ठेवा. जिथे तुकडा बदलतो तिथे चौकोनी कंसात तुकड्याचं नाव घाला, उदाहरणार्थ ‘… वाळूने भरलेल्या डंपरच्या [क२] धडकेने रिक्षा …’. अनुवादकाला मधेच शंका आली तर तो नेमक्या ठिकाणी परत येऊ शकतो. अंतिम अरबी प्रतीतून ही खूण काढून टाकायची.

कापलं गेलेलं किंवा वाचता न येणारं जे असेल ते गाळू नका, अंदाजाने भरूही नका. ‘[एक ओळ कापलेली]’ असं लिहा. अरबीत त्या जागी ‘ग़ैर मक़्रूअ’, म्हणजे वाचता न येणारे, असा शेरा चौकोनी कंसात येतो.

एखादा सांधा शेवटपर्यंत सुटला नाही तर? मग ते दोन तुकडे जोडू नका. मधे ओळ सोडा आणि शेरा लिहा की यांचा क्रम कात्रणावरून निश्चित होत नाही. संयुक्त अरब अमिरातीत न्यायालयात द्यायचा अनुवाद तिथल्या न्याय मंत्रालयाच्या परवानाधारक अनुवादकाकडून व्हावा लागतो आणि तो त्याच्या शिक्क्याने जातो. त्याने अंदाजावर शिक्का मारावा अशी वेळ त्याच्यावर आणू नका.

## पायरी ८ : अरबीत जाताना दिशा

अरबी अनुवाद एका सलग कॉलमात दिला तर क्रम बदलत नाही, वरून खाली तोच राहतो. मी नेहमी तसाच घ्यायला सांगतो. पण कुणी मूळ पानासारखी मांडणी मागितली, तर कॉलम उजवीकडून भरायचे: क१ सगळ्यात उजवीकडे, क४ सगळ्यात डावीकडे. तक्त्याचेही रकाने तसेच उलटतात. फोटो मात्र उलटवायचा नाही. फोटोओळीत ‘डावीकडून दुसरे’ असेल तर अरबीतही डावीकडूनच, कारण माणसं जिथे होती तिथेच आहेत. उलट मजकुरात ‘शेजारच्या उजवीकडील तक्त्यात’ असं पानाच्या मांडणीविषयी काही असेल, तर मांडणी उलटल्यावर ते खोटं ठरतं. त्यापेक्षा ‘जखमींच्या तक्त्यात’ असं नावाने लिहा.

तारीख आकड्यांत आणि तिरक्या रेघांत असेल तर महिना शब्दात लिहून घ्या. उजवीकडून चालणाऱ्या ओळीत आकडे डावीकडून चालतात, आणि मधल्या रेघांमुळे दिवस-महिन्याची अदलाबदल पडद्यावर ओळखू येत नाही.

## पायरी ९ : दोघांनी मिळून उलटी तपासणी

अनुवाद हाती आल्यावर एकाने जोडलेला मराठी मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने छापलेल्या फोटोवर बोट ठेवून पुढे सरकायचं. बोट ज्या ज्या ठिकाणी एका तुकड्यातून दुसऱ्यात उडी मारतं, तिथे थांबून अरबीतलं तेच वाक्य अनुवादकाकडून तोंडी परत मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत सांगून घ्यायचं. पूर्ण बातमी परत सांगायला लावायची गरज नाही. सांध्यावरची वाक्यं पुरतात, आमच्या कात्रणात ती चारच होती. शेवटी बोट न लागलेला एखादा भाग फोटोवर उरला का ते बघा. उरला असेल तर तो बाद केलेल्या, आडव्या रेघा मारलेल्या भागातलाच असायला हवा.

आमच्या दुसऱ्या फेरीत तिसऱ्या सांध्याला अनुवादकाने सांगितलं, “अपघातानंतर पळून गेलेल्या चालकाला पोलिसांनी त्याच रात्री पकडलं.” मग त्या वाक्याशेजारी फोटोच्या प्रतीवर मी बरोबरची खूण केली आणि पुढच्या सांध्याकडे गेलो.